कोणत्या प्रतीतला बाख? कोणत्या तबकडीतला गूल्ड?

पाश्चात्त्य संगीताच्या इतिहासावरच्या निबंधात असं एक वाक्य सहज येऊ शकतं : ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्समधल्या पंचविसाव्या व्हेरिएशनवर बाखने ‘अडाजिओ’, म्हणजे संथ, असं लिहून ठेवलं आहे आणि ग्लेन गूल्डने १९५५च्या ध्वनिमुद्रणात ती सूचना पाळली आहे.’ वाक्य वाचायला ठीक वाटतं. गूल्ड तिथे खरोखरच फार संथ वाजवतो आणि आजच्या चांगल्या छापील प्रतीत ‘अडाजिओ’ हा शब्दही सापडतो. तरीही हे वाक्य चुकीचं आहे, आणि तळटीप नीट लिहायला बसलं की चूक आपोआप उघडी पडते.

बाखने ही रचना १७४१ मध्ये न्यूरेम्बर्गच्या बाल्थाझार श्मिडकडून छापून घेतली. त्या छापील प्रतीत पंचविसाव्या व्हेरिएशनवर गतीची सूचना नाही. ‘अडाजिओ’ हा शब्द बाखने नंतर स्वतःजवळच्या प्रतीत हाताने लिहिला. ती प्रत १९७४ मध्ये स्ट्रासबूर्गला उजेडात आली. तिच्यात बाखच्या हातच्या दुरुस्त्या होत्या आणि शेवटच्या पानावर चौदा छोटे कॅनन लिहिलेले होते. या दुरुस्त्या धरून क्रिस्टोफ वोल्फने संपादित केलेली आवृत्ती १९७७ मध्ये ‘नव्या बाख आवृत्ती’त बेरेनरायटर प्रकाशनाने काढली. मग १९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टुडिओत बसलेल्या गूल्डला ही सूचना कुठून कळणार? तो संथ वाजवतो ते स्वतःच्या जाणिवेने. बाखची सूचना त्याने ‘पाळली’ असं म्हणता येत नाही.

शिकागो शैलीत तळटीप लिहिताना कोणती प्रत पाहिली, ती कुणी संपादित केली आणि कधी छापली हे सांगावंच लागतं. ही शैली शिकागो विद्यापीठाच्या प्रकाशन विभागाच्या नियमपुस्तकातून आली. ते पुस्तक पहिल्यांदा १९०६ मध्ये निघालं आणि २०२४ मध्ये त्याची अठरावी आवृत्ती आली. इंग्रजीत लिहिणाऱ्या संगीताच्या इतिहासकारांमध्ये तिची तळटीप आणि संदर्भसूचीची पद्धत सर्रास चालते. छापील स्वरलिपीला, म्हणजे स्कोअरला, ही शैली पुस्तकासारखंच वागवते. रचनाकाराचं नाव लेखकाच्या जागी येतं, त्यानंतर तिरक्या ठशात शीर्षक, मग संपादक आणि कंसात प्रकाशनाचा तपशील. राल्फ कर्कपॅट्रिकच्या प्रतीची तळटीप अशी होईल :

```
Johann Sebastian Bach, The "Goldberg" Variations,
ed. Ralph Kirkpatrick (New York: G. Schirmer, 1938),
var. 25, mm. 1–4.
```

अठराव्या आवृत्तीत प्रकाशनाच्या गावाचं नाव लिहिण्याची गरज उरलेली नाही, त्यामुळे ‘न्यूयॉर्क’ गाळलं तरी चालेल. पण निबंधभर एकच पद्धत ठेवावी आणि मार्गदर्शक कोणती आवृत्ती मानतात ते आधीच विचारून घ्यावं. शेवटी पान क्रमांकाऐवजी व्हेरिएशनचा आणि मात्राखंडांचा क्रमांक दिला आहे. स्कोअरच्या बाबतीत हेच वाचकाला उपयोगी पडतं, कारण प्रत्येक आवृत्तीत पानं वेगळी पडतात, पण पंचविसाव्या व्हेरिएशनचे पहिले चार मात्राखंड सगळीकडे तेच असतात. संपादकाच्या प्रस्तावनेतलं मत घेतलं असेल, तर मात्र नाव कर्कपॅट्रिकचं पुढे येतं, कारण ते मत बाखचं नव्हे. तिथे प्रस्तावनेचा पान क्रमांक हवाच.

या टिपेतलं १९३८ हे वर्ष हस्तदुरुस्त प्रत सापडण्याच्या छत्तीस वर्षं आधीचं आहे. ते लिहिताना विद्यार्थी थबकला पाहिजे. जुन्या प्रतीत एखाद्या व्हेरिएशनवर गतीचा शब्द दिसला, तर तो बहुधा संपादकाचा असतो. म्हणूनच स्वस्त पुनर्मुद्रणांच्या बाबतीत अधिक काळजी घ्यावी लागते. डोव्हर प्रकाशनाचं १९७० चं बाखच्या पियानो-रचनांचं पुस्तक अनेकांच्या घरी असतं. त्यातली गोल्डबर्गची पानं मुळात बाख-गेझेलशाफ्टच्या १८५३ मधल्या खंडातून उचललेली आहेत. टिपेत फक्त १९७० लिहिलं तर वाचक समजेल की हे आधुनिक संपादन आहे. म्हणून शिकागो शैलीत दोन्ही वर्षं कंसात येतात, `1853; repr., 1970` अशी. इंटरनेटवरून उतरवलेल्या प्रतीलाही हाच न्याय आहे : फाइल कुठून मिळाली हे सांगा, पण तिच्या आत कोणत्या छपाईची पानं आहेत हे पहिल्या पानावर शोधून आधी लिहा.

आता ध्वनिमुद्रण. इथे रचनाकार आधी की वादक आधी हा प्रश्न पडतो. निबंध कशाबद्दल आहे यावर त्याचं उत्तर अवलंबून असतं, आणि शिकागो शैली दोन्ही मुभा देते. आपला विषय गूल्डचं वादन आहे, म्हणून गूल्ड पुढे :

```
Glenn Gould, pianist, The Goldberg Variations,
by Johann Sebastian Bach, recorded June 1955,
Columbia Masterworks ML 5060, 1956, LP.
```

यात दोन वर्षं आहेत आणि दोन्ही गरजेची आहेत. गूल्ड वाजवत होता जून १९५५ मध्ये आणि तबकडी दुकानात आली १९५६ मध्ये. कोणत्या काळात असं वाजवलं जात होतं याचा मुद्दा मांडताना पहिलं वर्ष लागतं. वाचकाला नेमकी तीच तबकडी शोधायची असेल तर दुसरं वर्ष आणि क्रमांक लागतो. स्ट्रीमिंगच्या पडद्यावर बरेचदा नव्या प्रकाशनाचं वर्ष दिसतं. ते तसंच उतरवलं की पन्नाशीतलं वादन कागदावर एकविसाव्या शतकात जाऊन बसतं. तबकडी किंवा सीडी हातात असेल तर वर्तुळातलं पी हे इंग्रजी अक्षर पाहावं. त्यापुढचं वर्ष ध्वनीच्या हक्काचं असतं. वर्तुळातल्या सी समोरचं वर्ष पुस्तिकेच्या मजकुराचं आणि चित्रांचं असतं. दोन्ही वेगळी असू शकतात. ध्वनिमुद्रणाची तारीख मात्र यांपैकी कशातच नसते. ती पुस्तिकेच्या शेवटी, बारीक अक्षरांत, निर्मात्याच्या नावाजवळ शोधावी लागते.

कॅटलॉग क्रमांकाला काही विद्यार्थी दुकानदाराचा आकडा समजून गाळतात. गूल्डने हीच रचना १९८१ च्या एप्रिल-मे महिन्यांत त्याच स्टुडिओत पुन्हा मुद्रित केली. पहिलं वादन अडतीस मिनिटांच्या आसपास संपतं, दुसरं एक्कावन्न मिनिटांच्या पुढे जातं. पहिल्यात त्याने आवर्तनं घेतली नव्हती, दुसऱ्यात काही घेतली, पण मोठा फरक लयीचा आहे. नुसतं ‘गूल्डचं गोल्डबर्ग’ लिहिलं तर यातलं कोणतं, हे कुणालाच कळणार नाही.

आणि गोष्ट इथे संपत नाही. १९८१ चं वादन १९८२ मध्ये प्रसिद्ध झालं ते त्या वेळच्या डिजिटल मुद्रणावरून. २००२ मध्ये सोनीने ‘अ स्टेट ऑफ वंडर’ नावाने दोन्ही वादनांचा तीन सीडींचा संच काढला. त्यात १९८१ च्या वादनासाठी त्याच वेळी समांतर केलेलं ॲनालॉग मुद्रण वापरलं. वादन एकच, ध्वनिफिती वेगळ्या. पियानोच्या नादाबद्दल, गूल्डच्या गुणगुणण्याबद्दल किंवा आवाजाच्या पोताबद्दल काही म्हणायचं असेल, तर आपण यातलं कोणतं ऐकलं हे टिपेत आलंच पाहिजे. ते सांगायचा सगळ्यात छोटा मार्ग म्हणजे कॅटलॉग क्रमांक.

ध्वनिमुद्रणातली जागा दाखवायची तर वेळ द्यावी, मिनिट आणि सेकंदात. सीडीवर सुरुवातीची आरिया हाच पहिला ट्रॅक असतो, म्हणून पंचविसावं व्हेरिएशन सव्विसाव्या ट्रॅकवर येतं. टिपेत ‘ट्रॅक २५’ लिहिलं की वाचक चोविसावं व्हेरिएशन ऐकतो आणि आपल्या वर्णनातलं काहीच त्याला सापडत नाही. एलपीवर असे वेगळे क्रमांक नसतात. तिथे बाजू आणि व्हेरिएशन सांगावं.

लायनर नोट्स, म्हणजे तबकडीच्या पाकिटावरचं किंवा सीडीच्या पुस्तिकेतलं टिपण, हे स्वतंत्र लेखन आहे. त्याचा लेखक अनेकदा वादक नसतो. १९५६ च्या तबकडीवर मात्र गूल्डने स्वतःच लिहिलं आहे, त्यामुळे तेच नाव दोन भूमिकांत येतं :

```
Glenn Gould, liner notes for The Goldberg
Variations, by Johann Sebastian Bach, Columbia
Masterworks ML 5060, 1956, LP.
```

एलपीच्या पाकिटावर पान क्रमांक नसतो, म्हणून शेवटी काही नाही. सीडीच्या पुस्तिकेला पानं असतात, तिथे क्रमांक द्यावा. टिपणाखाली नाव नसेल तर लेखकाची जागा मोकळी सोडून लायनर नोट्सपासून सुरुवात करावी. अंदाजाने नाव घालू नये.

याच टिपणाच्या बाबतीत एक मोठा मोह असतो. गूल्डचा हा मजकूर टिम पेजने संपादित केलेल्या ‘ग्लेन गूल्ड रीडर’ या पुस्तकात १९८४ मध्ये पुन्हा छापला गेला आणि ग्रंथालयात ते पुस्तकच हाताशी मिळतं. विद्यार्थी पुस्तकात वाचतो आणि टिपेत जुन्या तबकडीचा क्रमांक लिहितो, कारण तो जास्त अस्सल दिसतो. असं करू नये. जे वाचलं तेच लिहावं : गूल्डचा लेख, पेजचं पुस्तक, प्रकाशक क्नॉफ, पान क्रमांक. मूळ मजकूर १९५६ च्या तबकडीवर आला होता, हे हवं तर टिपेत एका वाक्यात जोडावं. संपादनात मजकूर बदलला असेल, तर जबाबदारी कुणाची हे त्यामुळे स्पष्ट राहतं.

शेवटच्या सूचीत ध्वनिमुद्रणं पुस्तकांमध्ये मिसळण्याऐवजी ‘डिस्कोग्राफी’ असं वेगळं शीर्षक देऊन एकत्र ठेवली की वाचकाला सोपं जातं. लायनर नोट्स मात्र ज्याने लिहिल्या त्याच्या आडनावाखाली, इतर लेखांबरोबर येतात. तळटिपांतला पूर्ण तपशील एकदाच द्यायचा आणि पुढे आडनाव आणि छोटं शीर्षक पुरतं. गूल्डच्या बाबतीत एवढंही पुरत नाही, कारण दोन्ही ध्वनिमुद्रणांचं छोटं शीर्षक एकच होतं. म्हणून पहिल्या उल्लेखातच ठरवून टाकावं आणि पुढे प्रत्येक वेळी कंसात मुद्रणाचं वर्ष लिहावं : `Gould, Goldberg Variations (1955)` आणि `Gould, Goldberg Variations (1981)`.