वीस सेकंदांचे सावंत

वीस सेकंदांत साधारण चाळीस शब्द बोलून होतात. विनोदाला थांबायला जागा हवी, म्हणून संवाद पंचवीस शब्दांच्या आतच ठेवावेत. ऑफिसातले सावंत घ्या. ते कुणालाच ‘नाही’ म्हणू शकत नाहीत.

पहिली पाच सेकंदं: सहाला एक मिनिट कमी. सावंत खांद्याला पिशवी लावून उठतात. साहेब म्हणतात, “सावंत, दोन मिनिटं आहेत?” मांडणी एवढीच. सावंतांची ओळख करून द्यायची नाही, ती पिशवीनेच होते.

पुढची पाच: खिडकीत अंधार. “फक्त हा एक रकाना बदला.” मग चार सेकंदं: मावशी झाडू मारताहेत, सावंत पाय वर उचलून टाइप करताहेत. फोनवरून साहेब, “आता हे शेवटचंच!” मागणी दर वेळी तितकीच किरकोळ, पण वेळेची उडी मोठी. चढण इथे आहे. पिशवी अजून खांद्यालाच.

उरलेल्या सहांत सकाळचं ऊन. साहेब न्हाऊनमाखून आत येतात आणि त्याच खुर्चीतल्या सावंतांकडे कौतुकाने पाहतात. “वा सावंत! आज चक्क वेळेवर?”

‘वेळेवर’ हा शब्द शेवटीच हवा. आधी आला तर हसू वाक्याच्या मधेच सांडतं. त्यानंतर सावंतांचं उत्तर लिहायचा मोह मलाही झाला होता. मी ते खोडलं. त्यांचा चेहरा एक सेकंद दाखवा आणि कापा.