यंत्र चालले, पण निबंधात काय मांडावे?

मातीतील ओलावा मोजून पंप चालू-बंद करणारे यंत्र अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षाचे अनेक विद्यार्थी बनवतात. मात्र, ‘यंत्र चालते’ एवढ्यावर परिषदेसाठी शोधनिबंध होत नाही. त्यासाठी आधी एका वाक्याचा दावा ठरवावा लागतो. उदाहरणार्थ, ‘तापमानाची दुरुस्ती केल्यास स्वस्त कपॅसिटिव्ह सेन्सर काळ्या मातीतील ओलावा अधिक अचूक दाखवतो.’ मग आवश्यक प्रयोग कोणते, हे त्यातूनच स्पष्ट होते.

कमी-अधिक ओल्या मातीचे झाकलेले नमुने गार आणि तापलेले असताना सेन्सरने मोजावेत. नंतर ते १०५ अंश सेल्सिअसला २४ तास वाळवून वजनातील घटीवरून खरा ओलावा काढावा. दुरुस्तीपूर्वीची व नंतरची चूक शेजारी-शेजारी मांडली की मुख्य तक्ता तयार होतो.

ज्या नमुन्यांवरून दुरुस्तीचे सूत्र काढले, त्यांवरच ते तपासल्यास चूक फसवी कमी दिसते. म्हणून काही नमुने वेगळे राखावेत.

संदर्भही दाव्यापुरतेच असावेत: अशा सेन्सरवरील पूर्वीचे काम, तापमानाचा परिणाम आणि माती वाळवण्याची प्रमाण पद्धत. पंप व मोबाइल संदेशांना एक परिच्छेद पुरतो. निष्कर्ष एकाच प्रकारच्या मातीपुरता आहे, हेही निबंधात नमूद करावे.