चिठ्ठीत निदान नको, निरीक्षण हवे

समजा, चौथीतल्या एका मुलाबद्दल शाळेच्या समुपदेशक बालमनोविकारतज्ज्ञांना पत्र लिहीत आहेत. बाईंची तक्रार आहे की त्याचे लक्ष नसते. 'मुलाला एडीएचडी असावा, कृपया तपासावे' असे लिहिले, तर डॉक्टरांच्या हाती काहीच पडत नाही. निदान त्यांचे काम. वर्गात काय घडते, हे मात्र शाळाच सांगू शकते.

म्हणून समुपदेशक वर्गात बसतात आणि लिहितात: 'वाचता वाचता तो मध्येच थांबतो, दहाएक सेकंद नजर स्थिर होते, पापण्या फडफडतात. हाक मारली, खांद्याला हात लावला तरी कळत नाही. मग जणू काही झालेच नाही, असा पुढे वाचू लागतो. मैदानावरही असे दिसले.'

पुढे केलेले उपाय, मुदतीसह आणि परिणामासह: 'तीन आठवडे पहिल्या बाकावर बसवले, सूचना एकेक करून दिल्या. वह्या पूर्ण होऊ लागल्या. थांबणे तसेच राहिले.' माझ्या मते पत्रातले सर्वांत मोलाचे वाक्य हेच. बेशिस्त किंवा दिवास्वप्ने असती, तर स्पर्शाने मूल बहुधा भानावर आले असते. हे वाचून डॉक्टरांना अपस्माराच्या एका प्रकाराची शंका येईल. ते मुलाला मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवतील, ईईजी काढायला सांगतील.

घरी काय दिसते, झोप कशी आहे, नजर आणि श्रवण तपासले का, हेही दोन ओळींत यावे. पालकांनो, असे पत्र तुमच्या लेखी संमतीनेच जावे. सही करण्याआधी ते पूर्ण वाचा आणि प्रत मागून घ्या.