जनरेटरच्या पाटीवर दोन आकडे का असतात?

सोसायटीने नवा जनरेटर घ्यायचा ठरवला की दरपत्रकात '62.5 केव्हीए' असा आकडा येतो आणि पुष्कळ सभासद तो 62.5 किलोवॉट असाच वाचतात. मग लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांच्या वॅटची बेरीज करून तेवढ्यात सगळे बसते, असा हिशेब मांडला जातो. यंत्रावरची धातूची पाटी मात्र वेगळे सांगते. तिच्यावर 62.5 केव्हीए, 50 किलोवॉट, पॉवर फॅक्टर 0.8, 415 व्होल्ट आणि 87 अँपिअर, असे सगळे ओळीने कोरलेले असते. हे पाचही आकडे एकमेकांत गुंतलेले आहेत.

जनरेटर म्हणजे एकाच चौकटीवर बसवलेली दोन यंत्रे असतात. एका बाजूला डिझेल इंजिन आणि त्याला जोडलेला अल्टरनेटर. इंजिन डिझेल जाळून दांडा फिरवते, अल्टरनेटर त्या फिरण्याची वीज करतो. दोघांची दमण्याची कारणे वेगळी आहेत. इंजिनाला खरे काम करावे लागते, म्हणून त्याची मर्यादा किलोवॉटमध्ये मोजतात. अल्टरनेटरच्या तांब्याच्या वाइंडिंगला मात्र फक्त तिच्यातून किती अँपिअर वाहतात एवढेच कळते. त्या करंटमधून पुढे किती काम झाले याच्याशी तिचा संबंध नसतो. करंट दुप्पट झाला की तांब्यात निर्माण होणारी उष्णता चौपट होते आणि ठरावीक तापमानापुढे वाइंडिंगवरचे इन्सुलेशन करपू लागते. व्होल्टेज ठरलेले, करंटची कमाल ठरलेली. या दोहोंचा गुणाकार म्हणजे केव्हीए. थ्री फेजसाठी त्याला 1.732 ने गुणावे लागते: 1.732 × 415 × 87 म्हणजे जवळपास 62,500 व्होल्ट-अँपिअर.

पण करंट वाहतो आणि काम होत नाही, हे कसे? पंपाच्या मोटरकडे पाहावे. मोटर फिरण्यासाठी तिच्या आत चुंबकीय क्षेत्र उभे राहावे लागते. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे हे क्षेत्र उभारायला लागणारी ऊर्जा सेकंदाला शंभर वेळा मोटरीत जाते आणि तितक्याच वेळा तारेतून परत येते. महिन्याच्या शेवटी तिचे युनिट पडत नाहीत, कारण ती खर्च झालेलीच नसते. तारेतून मात्र ती खरोखर जाते-येते आणि तार तापवते. प्रत्यक्ष कामाचे किलोवॉट भागिले एकूण केव्हीए, हा पॉवर फॅक्टर.

10 एचपीची मोटर घेऊ. तिच्या दांड्यावर साधारण 7.5 किलोवॉट काम मिळते. मोटरीतली घट धरली तर ती सुमारे 8.6 किलोवॉट ओढते. तिचा पॉवर फॅक्टर 0.82 धरला, तर वाइंडिंगवर पडणारा भार होतो साडेदहा केव्हीए, म्हणजे फेजमागे सुमारे 14.6 अँपिअर. क्लॅम्प मीटर लावून बघणारा वायरमन हाच आकडा वाचतो. 7.5 पासून 10.5 पर्यंतची ही वाढ वॅटच्या बेरजेत कुठेच दिसत नाही.

जनरेटर बनवणाऱ्याला तो कुठे जाणार आहे हे ठाऊक नसते. तोच 62.5 केव्हीएचा जनरेटर मंगल कार्यालयात गेला आणि त्यावर नुसते गीझर नि हीटर लागले, तर पॉवर फॅक्टर 1 असतो. तिथे 50 किलोवॉटला इंजिनाचा दम संपतो, तेव्हा करंट सत्तर अँपिअरच्या आसपासच असतो. अल्टरनेटरला अजून वाव असतो, पण इंजिन काळा धूर सोडते, त्याची 1500 फेऱ्यांची गती उतरते आणि फ्रीक्वेन्सी मीटरचा आकडा 50 च्या खाली घसरतो.

तोच जनरेटर फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये न्यावा, जिथे जुन्या ट्रान्सफॉर्मरचे वेल्डिंग सेट चालतात. त्यांचा पॉवर फॅक्टर 0.5 च्या आसपास असतो. तिन्ही फेजवर भार समान वाटला आहे असे धरले, तर 87 अँपिअर होतात तेव्हा इंजिनावर जेमतेम 31 किलोवॉट असतात. इंजिनाचा आवाज हलका, धूरही नाही, म्हणून मालकाला वाटते अजून एक सेट लावता येईल. लावल्यावर ब्रेकर पडतो. ब्रेकर चुकीचा बसवलेला असेल तर तो पडत नाही, आणि वाइंडिंग जळते.

म्हणून विक्रीचा आकडा केव्हीए ठेवणे रास्त आहे. भार कसलाही असो, करंटची मर्यादा बदलत नाही. 0.8 हा पॉवर फॅक्टर मोटरींचा जास्त भरणा असलेल्या नेहमीच्या भाराला धरून उद्योगाने ठरवलेला आकडा आहे आणि इंजिनही त्याच हिशेबाने निवडले जाते: 62.5 चे 0.8 पट, म्हणजे 50 किलोवॉट. रोहित्रे तर निव्वळ केव्हीएमध्येच मोजली जातात, कारण त्यांना इंजिनच नसते. गावाच्या वेशीवरच्या डीपीवर 63 किंवा 100 केव्हीए लिहिलेले असते ते यामुळेच.

यूपीएसचा प्रकार थोडा निराळा आहे आणि ग्राहकाची फसगत तिथेच जास्त होते. त्याच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक स्विचना करंटची मर्यादा असते, ती व्हीएमध्ये. बॅटरीतून येणाऱ्या खऱ्या ऊर्जेची मर्यादा वॅटमध्ये. घरच्या संगणकाच्या यूपीएसवर 600 व्हीए ठळक छापलेले असते आणि 360 वॅट मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत. जुन्या संगणकांच्या पॉवर सप्लायचा पॉवर फॅक्टर 0.6 ते 0.65 असे, तेव्हा हे दोन्ही आकडे साधारण एकदमच भरत. आता चांगल्या सप्लायमध्ये पॉवर फॅक्टर सुधारणारे सर्किट असते आणि तो 0.95 च्या वर जातो.

समजा, एका छोट्या कार्यालयात 1000 व्हीए, 600 वॅटचा यूपीएस आहे आणि त्यावर अशा नव्या संगणकांचा मिळून 700 वॅटचा भार आहे. व्हीएमध्ये तो सुमारे 720 भरतो. हजारात हे आरामात बसायला हवे, तरी वीज गेली की यूपीएस ओव्हरलोडची शिट्टी वाजवून बंद पडतो. बिघाड कशातच नसतो. वॅटची मर्यादा ओलांडलेली असते, एवढेच. घरगुती यूपीएसच्या खोक्यावर वॅटचा आकडा व्हीएइतक्याच मोठ्या अक्षरांत छापायला हवा, कारण आजच्या उपकरणांचा निकाल बहुधा तोच लावतो.

सर्व्हर रूमसाठी आता पॉवर फॅक्टर 1 चे यूपीएस मिळतात: 100 केव्हीए म्हणजे 100 किलोवॉटच. इथे सोबतचा जनरेटर निवडताना घाई होते आणि 100 च्या यूपीएसला 100 केव्हीएचा जनरेटर जोडला जातो. त्या जनरेटरचे इंजिन 80 किलोवॉटचेच असते. यूपीएस पूर्ण भरला, त्यातली पाच टक्के घट आणि वीज आल्यावर बॅटरी भरून काढायला दहा टक्के धरले, तर 115 किलोवॉट लागतात. त्याला 0.8 ने भागले की 144 केव्हीए येतात, आणि बाजारातले त्यापुढचे प्रचलित माप 160 केव्हीए आहे.