एका उपसर्गाची वीस वर्षे

सन 1972च्या पावसाळ्यात, मुंबईतील एका निर्यात पेढीच्या दफ्तरात रशियन पत्रव्यवहाराचा कारकून म्हणून मी रुजू झालो, तेव्हा माझ्यापाशी दोन वर्षांच्या सायंवर्गाचे प्रमाणपत्र, एक जाडजूड इंग्रजी-रशियन कोश आणि कोशावरील अढळ श्रद्धा एवढेच भांडवल होते. पेढीचे धनी इंग्रजीत मसुदा सांगत, तो टंकलिखित होऊन माझ्या मेजावर येई आणि त्याचे रशियन रूपांतर संध्याकाळच्या टपालाने मॉस्कोला रवाना होई. सुएझचा कालवा त्या काळी बंद असल्यामुळे आमच्या मालाच्या बोटी आफ्रिकेला वळसा घालून ओडेसाला पोहोचत. त्या दीर्घ प्रवासात सुती कापडाच्या काही गाठी भिजल्या आणि त्या आम्ही आमच्याच खाती ‘राइट ऑफ’ केल्या, असे कळविणारे पत्र माझ्या वाट्याला आले. ‘राइट’ म्हणजे ‘पिसात्’ आणि ‘ऑफ’ म्हणजे ‘ओत्’, असा सरळ हिशेब मांडून मी ‘ओत्पिसात्’ हे क्रियापद योजिले. ते कोशात सापडले, एवढ्यानेच माझी शंका फिटली.

आठवड्याभराने सोव्हिएत व्यापार प्रतिनिधींच्या कचेरीतून एका सद्गृहस्थांचा दूरध्वनी आला आणि त्यांनी अत्यंत गंभीर स्वरात विचारले, की आपल्या पेढीत कोण वारले? ‘ओत्पिसात्’ याचा जुना अर्थ मृत्युपत्राने एखाद्याच्या नावे करून देणे असा आहे. सबब, भिजलेल्या गाठी आम्ही कोणा वारसास बहाल केल्या, असा त्या पत्राचा वाच्यार्थ होत होता. योग्य क्रियापद ‘स्पिसात्’ होते. अंतर एका उपसर्गाचे. परंतु त्या अंतराचा उलगडा होण्यास मला पुढील बरीच वर्षे लागली, आणि त्याच वर्षांचा हा मागोवा आहे.

वास्तविक उपसर्गाने धातूचा अर्थ दूर ओढला जातो, ही गोष्ट संस्कृताची तोंडओळख असलेल्या मराठी माणसास नवी नसावी. आहार, विहार, प्रहार, संहार आणि परिहार हे सारे एकाच ‘हृ’ धातूचे गोत्रज आहेत, हे आपण शाळेतच शिकलेले असतो. परंतु मराठीत हे शब्द घडीव स्वरूपात आले. उपसर्ग उचलून नवा धातू सिद्ध करण्याचा व्यवहार आपल्या बोलण्यात उरलेला नाही. रशियनांमध्ये तो आजही बाजारात, इस्पितळात आणि न्यायालयात अव्याहत चालू आहे. एकट्या ‘पिसात्’चाच परिवार पाहावा : ‘झापिसात्’ म्हणजे टिपून घेणे, ‘पेरेपिसात्’ म्हणजे पुन्हा लिहिणे, ‘पोद्पिसात्’ म्हणजे मजकुराखाली नाव घालणे, अर्थात सही करणे, ‘व्पिसात्’ म्हणजे मधे घुसवून लिहिणे, आणि ‘वीपिसात्’ म्हणजे धनादेश किंवा औषधाची चिठ्ठी लिहून देणे, वर्तमानपत्राची वर्गणी भरून ते मागविणे, इतकेच नव्हे तर रोग्यास इस्पितळातून घरी सोडणेही! या शेवटच्या अर्थाने मी प्रथम चक्रावलो होतो. पण रोग्याचे नाव नोंदवहीतून बाहेर काढले जाते, हे दृश्य डोळ्यांसमोर येताच ‘वी’ या उपसर्गाचा ‘आतून बाहेर’ हा भाव तेथे अक्षरशः जागा असल्याचे ध्यानात आले.

माझी मूळ चूक अशी, की इंग्रजीतील ‘ऑफ’ हा एकच शब्द असल्याने त्यामागील क्रियाही एकच असली पाहिजे, असे मी गृहीत धरले होते. इंग्रजीचा ‘ऑफ’ हा पुष्कळ कामे अंगावर घेणारा आणि कोणत्याही एका कामाचा जबाब न देणारा कारभारी आहे. रशियन भाषेने तीच कामे निरनिराळ्या खात्यांत वाटून दिली आहेत. एखादी वस्तू दुसरीच्या पृष्ठभागावर असून तेथून उतरविली जात असेल, तर ‘स्’ : डोक्यावरील टोपी काढणे, छपरावरील बर्फ खाली लोटणे. एखादा भाग मूळ वस्तूपासून तुटून अलग होत असेल किंवा एखाद्या स्थळापासून काही अंतरावर सरत असेल, तर ‘ओत्’ : पावाचा तुकडा कापणे, टेबलापासून बाजूस होणे. दिवा ‘ऑफ’ करणे हे मात्र ‘वी’च्या अखत्यारातले आहे, आणि विमान जमीन सोडते तेव्हा तेथे ‘वर’ या अर्थाचा चौथाच उपसर्ग हजर होतो. म्हणजे प्रश्न ‘ऑफ’ला रशियन प्रतिशब्द कोणता हा नसून, क्रिया संपल्यावर ती वस्तू कोठे राहिली आणि त्यापूर्वी ती कोठे होती, हा आहे.

या दृष्टीने आमच्या गाठींचे प्रकरण पुन्हा तपासू. बुडीत रक्कम ही खतावणीच्या पानावर बसलेली असते. ती त्या पानावरून उतरवावयाची असते. म्हणून ‘स्पिसात्’, आणि त्याच्या जोडीला ‘सो श्च्योता’, म्हणजे ‘खात्यावरून’. येथे रशियन भाषा शिकणाराला एक अमोल पुरावा हाती लागतो, तो असा, की उपसर्ग आणि त्याच्या मागून येणारे शब्दयोगी अव्यय बहुधा एकमेकांची साक्ष देतात : ‘वी’ असेल तर पुढे ‘इझ’ म्हणजे ‘मधून’, ‘स्’ असेल तर ‘स्’ म्हणजे ‘वरून’, ‘ओत्’ असेल तर ‘ओत्’ म्हणजे ‘पासून’, ‘दो’ असेल तर ‘दो’ म्हणजे ‘पर्यंत’. वाक्यात आपोआप येऊ पाहणारे अव्यय जर निवडलेल्या उपसर्गाशी विसंगत असेल, तर निवडच चुकली असण्याचा संभव फार मोठा. माझ्या त्या पत्रात मी ‘ओत्पिसात्’च्या पुढे ‘सो श्च्योता’ असेच लिहिले होते. साक्षीदार समोर उभा असूनही मी त्याची जबानी घेतली नाही.

पुढे काही वर्षांनी मी इंग्रजी मसुद्यावरून थेट रशियनकडे जाण्याचे सोडून मधे मराठीच्या घरी उतरू लागलो, आणि हा उपाय मला कोणत्याही व्याकरणाहून अधिक फलदायी ठरला. आपल्या भाषेत उपसर्ग झिजले असले, तरी त्यांचे काम आपली संयुक्त क्रियापदे करतात. पत्ता ‘लिहून घेतला’ म्हटले की ‘झापिसात्’ समोर येते. नुसत्या ‘राइट डाउन’मधील ‘डाउन’वरून ते सुचत नाही, कारण त्यात खाली जाण्याचा काहीच भाव नाही. फळ्यावरचा मजकूर विद्यार्थी ‘उतरवून घेतात’, तेव्हा रशियन विद्यार्थी तोच ‘स्पिसात्’ वापरतो. परीक्षेत शेजाऱ्याच्या उत्तरपत्रिकेवरून उतरवून काढणेही त्याच शब्दाने सांगितले जाते. आणि बुडीत रकमेसाठी आपल्या शासकीय मराठीने ‘निर्लेखित’ हा शब्द घडविला, त्यात ‘निर्’ हा उपसर्ग पाहून, दोन भाषांनी परस्परांना न विचारता एकच युक्ती केली, याचे मला मोठे कौतुक वाटले.

एवढ्याने सर्व संकटे टळली असे मात्र नाही. उपसर्ग लागला की रशियन क्रियापद पूर्णार्थी होते, म्हणजे क्रियेचा शेवट त्यात अंतर्भूत होतो. आणि मग तीच क्रिया वारंवार घडते किंवा चालू आहे असे सांगावयाचे झाल्यास दुसरे रूप घडवावे लागते. ‘दर मार्चअखेर आम्ही बुडीत रकमा निर्लेखित करतो’ हे वाक्य लिहिताना मी पूर्णार्थी रूप टाळण्याच्या उत्साहात उपसर्गासकट सारेच टाळले आणि साधे ‘पीशेम्’ लिहून बसलो. म्हणजे आम्ही दर मार्चमध्ये बुडीत रकमा ‘लिहितो’! तेथे ‘स्पीसिवायेम्’ पाहिजे होते : उपसर्ग कायम, आणि मधे ‘इवा’ हा प्रत्यय.

ही गाठ सोडविण्याची एक किल्ली युरी मास्लोव या भाषाशास्त्रज्ञाच्या 1948 सालच्या लेखात आहे, हे मला पुष्कळ उशिरा कळले. ती वापरण्यास पांडित्य लागत नाही. ‘त्याने पत्र लिहिले, त्याची नक्कल केली, सही केली’ हा भूतकाळी वृत्तान्त, डोळ्यांपुढे घडत असल्यासारखा वर्तमानकाळात सांगून पाहावा. रशियन वर्तमानकाळात पूर्णार्थी क्रियापद अशा कामी चालत नाही, त्यामुळे प्रत्येकाला आपला अपूर्णार्थी जोडीदार पुढे करावा लागतो. ‘नापिसाल्’, म्हणजे लिहून पुरे केले, याच्या जागी निमूटपणे मूळचे ‘पीशेत्’ येते. सबब तेथील ‘ना’ने अर्थ पालटलेला नाही, केवळ पूर्ण केला आहे. ‘पेरेपिसाल्’च्या जागी ‘पीशेत्’ घातले तर नक्कल करण्याचा अर्थच नाहीसा होतो, ‘पेरेपीसिवायेत्’ म्हणावेच लागते. सबब ‘पेरे’ने नवा धातू निर्माण केला आहे. निवृत्तीनंतर लॉरा यांडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 2013 सालचा ग्रंथ वाचनात आला, त्यात ‘ना’सारखे उपसर्गही निव्वळ रिकामे नसून धातूच्या अर्थाशी त्यांचा अर्थ मिसळून गेल्यामुळे ते रिकामे भासतात, असे प्रतिपादन आहे. लेखन हे कशावर तरी होते आणि ‘ना’चा अर्थ ‘वर’, हे पाहता मला ते पटते. परंतु ज्याला पत्र संध्याकाळच्या टपालाने धाडावयाचे असेल, त्याने मास्लोवची कसोटीच जवळ बाळगावी.

काही ठिकाणी कोणतीच कसोटी उपयोगी पडत नाही. ‘प्रोस्मोत्रेत्’ म्हणजे कागदांवरून नजर फिरविणे, आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ नजरेतून निसटू देणे. ‘मी लेख प्रोस्मोत्रेल्’ म्हणणारा लेख चाळत असतो, आणि ‘मी चूक प्रोस्मोत्रेल्’ म्हणणारा माफी मागत असतो. कर्म पाहिल्याखेरीज निवाडा अशक्य. ‘गिव्ह अप’साठी उपसर्ग शोधणे तर व्यर्थच, कारण धूम्रपान सोडण्यास एक, शत्रूस शरण जाण्यास दुसरे आणि हक्क सोडण्यास तिसरे, अशी एकमेकांशी नाते नसलेली तीन क्रियापदे तेथे लागतात.

सोव्हिएत संघाचे विसर्जन झाल्यावर, 1992 साली, आमची बरीच येणे बाकी मॉस्कोत अडकून पडली. ती चुकती करणार की नाही, अशी विचारणा करणारे पत्र मीच लिहिले. उत्तर दोनच शब्दांचे होते : ‘वोप्रोस् ओत्लोझेन्’, म्हणजे प्रश्न पुढे ढकलला आहे. ‘पुट ऑफ’मधील ‘ऑफ’ला ‘ओत्’च लागतो आणि तो तेथे बिनचूक होता. ती रक्कम पुढे आम्ही निर्लेखित केली. तसे कळविणाऱ्या पत्रात मी ‘स्पिसात्’ लिहिले, आणि या खेपेस कोणाचाही दूरध्वनी आला नाही.