टाइप वन आणि आपण, भाग ४ : आईचा अंदाज, मेसची पोळी

बोरी बुद्रुकमधलं एक घर डोळ्यासमोर आणा. मुलगा बारावी झालाय, जूनमध्ये पुण्याच्या वसतिगृहात जाणार. इंजेक्शन तो चौथीपासून स्वतः टोचतो, म्हणून घरच्यांना वाटतं, याला सगळं येतं. पण टोचणं वेगळं आणि किती युनिट घ्यायची हे ठरवणं वेगळं. ते अजून आईच ठरवते. ती ताटाकडे बघते आणि म्हणते, “आज आठ घे.”

हा अंदाज आला कुठून? तिच्या हातच्या बाजरीच्या एका भाकरीत साधारण ४० ग्रॅम कर्बोदके असतात. डॉक्टरांनी या मुलासाठी दर १० ग्रॅमला एक युनिट असं प्रमाण ठरवून दिलंय, म्हणजे दोन भाकऱ्यांना आठ. प्रत्येकाचं प्रमाण निराळं असतं, हे विसरू नका. मेसच्या पातळ पोळीत मात्र १८ ग्रॅमच्या आसपास निघतात. सवयीने आठ युनिट घेऊन त्याने दोन पोळ्या खाल्ल्या, भात घेतलाच नाही, तर गरज होती जेमतेम चारची. त्याला एक युनिट साखर ४० नं खाली आणत असेल, तर जादा चार युनिट ती १६० नं उतरवू पाहतील. जेवणाआधी साखर १४० असेल, तर हा धोका किती मोठा आहे ते सांगायला नको.

म्हणून जायच्या दोन-तीन महिने आधीपासून आईने आकडा सांगणं थांबवावं. मुलाने आधी ताट बघून डोस ठरवावा, वहीत लिहावा, मग आईने बोलावं. मेसमध्ये गेल्यावर पहिल्या आठवड्यात एक पोळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलावी आणि भाताची वाटी एकच ठरवावी.

दुसरी अडचण वेळेची. साधं रेग्युलर इन्सुलिन जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यावं लागतं. घरी ते जमतं, मेसमध्ये रांग लांबली की टोचून झालेलं असतं आणि ताट हातात नसतं. जलद इन्सुलिन परवडेल का, हे निघण्याआधीच डॉक्टरांना विचारा. ते ताट समोर आल्यावर घेता येतं.

साखर ७० च्या खाली गेली, घाम फुटला, हात थरथरले, तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. खोलीतल्या मित्राला एवढं नक्की माहीत हवं: शुद्ध नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं आणि १०८ ला फोन करायचा.

आईशी करार असा करावा. रोज “साखर किती?” हा फोन नाही, रविवारी दोघांनी मिळून वही बघायची. पण आठवड्यात दोनदा ७० च्या खाली गेली, किंवा उलट्या सुरू झाल्या, तर त्याच दिवशी त्याने स्वतः फोन करायचा. उलटीत जेवण बंद झालं, तरी दीर्घकाळ चालणारं इन्सुलिन बंद करायचं नाही.