फाडून न्यायची पट्टी

पुण्यात नारायण पेठेपासून सदाशिव पेठेपर्यंत चालत गेलात, तर झेरॉक्सची दुकानं, अभ्यासिका आणि खानावळी यांच्या भिंतींवर एक कागद वारंवार दिसतो. वर ‘खोली भाड्याने’ किंवा ‘कॉट बेसिसवर जागा’, आणि खाली कंगव्याच्या दातांसारख्या कापलेल्या पट्ट्या. प्रत्येक पट्टीवर फोन नंबर. ज्याला हवी त्यानं पट्टी फाडावी आणि खिशात टाकावी. दिसायला हा प्रकार इतका साधा आहे की त्यात काही योजावं लागतं असं कुणाला वाटतच नाही. म्हणूनच बहुतेक कागद फसतात. पट्टी निघताना अर्धा नंबर भिंतीवर राहतो, नाहीतर पट्टीबरोबर अख्खा कागदच हातात येतो. आणि सगळ्यात जास्त वेळा असं होतं की दोन दिवसांनी खिशातून नुसते दहा आकडे निघतात आणि ते कुणाचे, कशासाठी घेतले, हे आठवत नाही.

या शेवटच्या चुकीपासूनच सुरुवात करू, कारण सगळा कागद तिच्याभोवती रचायचा असतो. एमपीएससीची तयारी करायला आलेली मुलगी एका दुपारी चार-पाच ठिकाणच्या पट्ट्या फाडते. रात्री त्या सगळ्या टेबलावर मांडते तेव्हा तिच्यासमोर मूळ जाहिरात नसते. त्यामुळे पट्टी ही जाहिरातीची शेपटी नाही, ती स्वतःच एक छोटी जाहिरात आहे. तिच्यावर तीन ओळी हव्यात: काय आणि कुठे, मग नंबर, आणि फोन कधी करायचा. उदाहरणार्थ:

खोली, नारायण पेठ, मुलींसाठी
९८××× ×××××
फोन संध्या. ६ ते ९ (अ)

कंसातल्या ‘अ’कडे पुढे येऊ. नंबर पाच-पाच आकड्यांत तोडला आहे, कारण सलग दहा आकडे वाचून दाबताना मधला एखादा हमखास गळतो. लेखात मी मराठी आकडे लिहिले आहेत, पण प्रत्यक्ष पट्टीवर फोनच्या कीपॅडवर असतात तेच आकडे छापावेत. पेठांत खोली शोधणारं माणूस मराठीच वाचणारं असेल असं नाही, आणि मराठी वाचणाऱ्यालाही नंबर दाबताना मनातल्या मनात भाषांतर करायला लावू नये.

आता मापं. ए-फोर कागद २१० मिलिमीटर रुंद आणि २९७ मिलिमीटर उंच असतो. घरचे किंवा दुकानातले बहुतेक प्रिंटर कडेचे चार-पाच मिलिमीटर छापत नाहीत, तेव्हा दोन्ही बाजूंना पाच-पाच सोडले की हातात २०० मिलिमीटर उरतात. दहा पट्ट्या पाडण्याचा मोह होतो. मी आठच पाडायला सांगेन. आठ पाडल्या की प्रत्येक पट्टी २५ मिलिमीटर रुंद होते आणि तिच्यात आडव्या केलेल्या तीन ओळी मोकळेपणानं बसतात: नंबर १८ पॉइंटात ठळक, बाकीच्या दोन ओळी ११ पॉइंटात. मराठी अक्षरांना वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार लागतो, त्यामुळे ओळ इंग्रजीपेक्षा जास्त उंची खाते. दहा पट्ट्यांत तिसरी ओळ कापली जाते ती याच कारणानं. पट्टीची लांबी साडेसहा सेंटीमीटर पुरते. तेवढी असली की चिमटीत धरता येते आणि पाकिटातही बसते.

वर्डमध्ये हे करायला एका ओळीचा, आठ रकान्यांचा तक्ता घ्या. ओळीची उंची `Exactly` निवडून ६.५ सेंटीमीटर ठेवा, एका रकान्यात मजकूर लिहा आणि तक्त्याच्या `Layout` टॅबमधल्या `Text Direction` या बटणानं तो उभा फिरवा. एक पट्टी मनासारखी झाली की मगच तिची नक्कल बाकीच्या सातांत करा. आधी आठ ठिकाणी लिहून मग दुरुस्त करत बसलं, की एका पट्टीवर जुना नंबर राहतो आणि ते कुणाच्याच लक्षात येत नाही. आणखी एक त्रास बहुतेकांना होतो: तक्ता पानाच्या तळाशी बसवला की विनाकारण दुसरं कोरं पान तयार होतं. वर्ड तक्त्यानंतर एक रिकामी ओळ ठेवतोच, ती पुढच्या पानावर ढकलली जाते. त्या ओळीचा फॉन्ट १ पॉइंट केला की ते पान नाहीसं होतं.

वरच्या भागाची गोष्ट थोडक्यात संपते. रस्त्यानं जाणाऱ्याला तीन मीटरवरून कळायला हवं, म्हणून ‘खोली भाड्याने’ ही अक्षरं दोन-अडीच सेंटीमीटर उंच, दोन ओळींत. त्याखाली जवळ आल्यावर वाचायचा मजकूर: कुठली गल्ली, कितवा मजला, किती जणांसाठी, भाडं किती, अनामत किती, पाण्याची वेळ, स्वयंपाकाची सोय आहे की डबा लावावा लागेल. भाडं लिहावं. ‘फोनवर बोलू’ असं लिहिणाऱ्यांना न परवडणाऱ्यांचेच फोन जास्त येतात, आणि दोघांचाही वेळ जातो. घराचा नेमका पत्ता मात्र लिहू नये, गल्ली पुरे. नंबर वरच्या भागातही एकदा मोठ्या अक्षरांत द्यावा, कारण आता निम्मे लोक पट्टी न फाडता मोबाइलनं फोटोच काढतात. मग पट्ट्या कशाला, असं कुणी विचारेल. फोनमधला फोटो लग्नाच्या, नोट्सच्या आणि गुड मॉर्निंगच्या शेकडो फोटोंखाली गाडला जातो, खिशातली पट्टी मात्र कपडे धुवायला टाकताना तरी सापडते.

खरी कारागिरी कात्रीची आहे, आणि इथे कागदाची जात कळावी लागते. कारखान्यात कागद तयार होताना त्याचे तंतू यंत्राच्या दिशेनं पसरतात. त्या दिशेनं कागद सरळ फाटतो, आडवा फाडला तर वेडावाकडा. झेरॉक्सच्या ए-फोर कागदात तंतू सहसा लांबीच्या दिशेनं असतात. रद्दीतला एक कागद दोन्ही बाजूंनी फाडून पाहिलात की लगेच कळेल. याचा अर्थ पट्ट्यांमधले उभे काप तंतूंच्या बरोबरीनं जातात, पण पट्टी जिथे कागदाला चिकटलेली असते ती आडवी रेघ तंतूंच्या विरुद्ध असते. फाडताना कागद तिथेच भरकटतो आणि फाट वर जाहिरातीत किंवा खाली नंबरात शिरते.

उपाय दोन. सोपा असा की आडव्या रेघेवर पट्टी ठेवून कागद पुढे एकदा, मागे एकदा घडी घालून नखानं दाबायचा. दुसरा उपाय घरात शिलाई मशीन असेल तर: सुईत दोरा न ओवता त्या रेघेवरून मशीन चालवायचं, टाका मोठा ठेवायचा. पोस्टाच्या तिकिटासारखी भोकं पडतात आणि पट्टी एका झटक्यात सुटते. कागदानं सुई बोथट होते, म्हणून टाकाऊ सुई लावावी. उभे काप रेघेपर्यंत पुरे न नेता दोन-तीन मिलिमीटर आधी थांबवावेत. पूर्ण कापल्या तर पट्ट्या वाऱ्यानं पिळवटतात, आणि कडेची एक-दोन रात्रीतच गळून पडतात.

चिकटवताना चारही कोपऱ्यांना टेप लावण्याची सवय असते. ती इथे चुकीची आहे. खालचे दोन कोपरे म्हणजे पहिली आणि आठवी पट्टीच. ताण पडतो तो आडव्या रेघेवर, तेव्हा टेपचे तुकडे रेघेच्या लगेच वर, डावीकडे-उजवीकडे लावायचे, आणि वरचे दोन नेहमीसारखे. खळ लावायची असेल तर रेघेच्या वरच. छपाई झेरॉक्सची किंवा लेझरची घ्यावी, कारण बऱ्याच घरगुती इंकजेटची शाई पहिल्या सरीत ओघळते. पावसाळ्यात कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत उलटा घालावा, म्हणजे पिशवीचं तोंड खाली येतं, पाणी आत जात नाही आणि फक्त पट्ट्या बाहेर लोंबतात.

कुठे लावायचा? विजेचे खांब, पुलांचे कठडे, दुसऱ्याची कंपाउंडची भिंत इथे नको. महाराष्ट्रात मालमत्तेच्या विद्रूपणाविरुद्ध १९९५चा कायदा आहे आणि परवानगीशिवाय असं चिकटवणं गुन्हा ठरतं. झेरॉक्सवाला, खानावळ, अभ्यासिका, किराणा आणि औषधांचं दुकान, सोसायटीचा सूचनाफलक इथे विचारून लावलं तर कुणी नाही म्हणत नाही. आता ‘अ’. समजा चार ठिकाणी कागद लावलेत. अभ्यासिकेतल्या पट्ट्यांवर अ, खानावळीतल्यांवर ब, असं बारीक अक्षर छापायचं. फोन आला की ‘पट्टीवर कुठलं अक्षर आहे?’ एवढंच विचारायचं. चार दिवसांत कळतं की कुठला कागद काम करतोय. एखाद्या ठिकाणच्या पट्ट्या भराभर गेल्या पण फोन एकही नाही, तर पट्टीवर मजकूर कमी पडला आहे किंवा नंबर चुकला आहे. पट्टी एकही गेली नाही, तर वरचं शीर्षक दिसत नाही किंवा भाडं जास्त आहे. लावताना एक पट्टी स्वतःच फाडून न्यावी. आपल्याकडे पहिली पट्टी फाडायला लोकांना संकोच वाटतो, दुसरी सहज निघते.

हरवलेल्या मांजरासाठी हीच रचना उलटी करावी लागते. खोली शोधणाऱ्याला गरज असते, तो थांबून वाचतो. मांजर पाहणाऱ्याला काहीच गरज नसते, म्हणून कागदाचा बहुतेक भाग फोटोला द्यायचा आणि ‘मांजर हरवली’ एवढंच मोठं लिहायचं. इथे काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर पैसे वाचवू नयेत, काळ्या मांजराचा त्यात नुसता डाग दिसतो. पट्ट्या मात्र हव्यातच, कारण कागद आज दिसतो आणि मांजर परवा जिन्याखाली. पट्टीवर ‘हरवलेली मांजर, पांढरी, शेपूट काळी’ हे नंबरच्या आधी यायला हवं. हरवलेलं घरचं मांजर बरेचदा भेदरून जवळपासच दडलेलं असतं, तेव्हा कागद आधी आपल्या आणि शेजारच्या इमारतींत लावावेत. बक्षिसाची रक्कम छापू नये, आणि एक खूण कागदावर मुद्दाम लिहू नये, म्हणजे ‘मांजर सापडली, आधी पैसे पाठवा’ म्हणणाऱ्याला ती विचारता येते. खूण सांगता आली नाही किंवा व्हिडिओ कॉलवर मांजर दाखवली नाही, तर पैसे पाठवू नका.

आणि खोली गेली किंवा मांजर घरी आली, की त्याच दिवशी जाऊन सगळे कागद काढा, टेपसकट. दुकानदार पुढच्या वेळीही जागा देईल, आणि महिनाभरानंतर येणारे फोनही थांबतील.